चकलीस जाहीर पाठिंबा

आमच्या मैत्रिणीने घरगुती चकल्यांचा व्यवसाय सुरू केला, त्याबद्दल आम्ही तिचे जाहीर अभिनंदन करतो. दर किलोला 480 रुपये. आम्ही प्रेमाने म्हणालो, "अगं, घरचंच तर आहे सगळं!" त्यावर तिने वही उघडली. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या मिळून किलोमागे 310. उरले 170. त्यात डाळ-तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे, एकेक वेगळे भाजायचे, दळून आणायचे, उकड काढून मळायची आणि मंद आचेवर घाण्यामागून घाणा तळायचा. मोहन जास्त झाले की चकली तेलात हसते, कमी पडले की दातांशी भांडते. हसलेला घाणा विकता येत नाही, तो घरच्यांच्या ताटात. या 170 मध्ये मजुरी धरली का, हे आम्ही विचारले नाही. मैत्रीत पैसा आणू नये.

उलट प्रसिद्धीची जबाबदारी आम्ही स्वतःहून घेतली. चव न पाहता शिफारस करणे अप्रामाणिक, म्हणून अर्धा किलो नमुना आणला. सासरचे मतही हवे, म्हणून आणखी अर्धा. हा किलो भरून काढायला तिला जवळजवळ दोन किलो विकावे लागतील, असे वही सांगते. विक्री वाढवण्याचा याहून खात्रीचा उपाय आम्हाला ठाऊक नाही.

दिल्या शब्दाप्रमाणे सोसायटीतल्या तेवीस जणींना सांगितलेसुद्धा. सगळ्यांनी तिचे मनापासून कौतुक केले. नमुने कुठे पोचवायचे, ते फ्लॅट नंबर आम्ही तिला लगेच कळवले आहेत.