बोजारा, इसार आणि पासबुक

वरूडच्या पोट्ट्याला पैशाचं शहाणपण शिकवायला बाहेरून कोणी आणावं लागत नाही. संत्र्याच्या पट्ट्यात जन्मलेलं लेकरू बहार, सौदा, इसार हे शब्द पाढ्यांच्या आधी शिकतं. अडचण एवढीच, की ते पहिल्यांदा वापरून बघतं ते आपल्या बापावर.

सोनूला दहा वर्षं पूर्ण झाली तेव्हापासून त्याला दर रविवारी सकाळी पन्नास रुपये मिळतात. त्यातले वीस त्याच्यासमोर काचेच्या बरणीत जातात, उरलेल्या तिसाचा हिशेब मी विचारत नाही. बरणी काचेचीच हवी. मातीच्या गुल्लकीत किती आहेत ते कळत नाही, आणि पिन घालून नाणी उकरायची कला या वयात उपजत असते. काचेत पैसे चढलेले दिसतात तसे उतरलेलेही दिसतात.

बुधवारपर्यंत तीस रुपये कुल्फी आणि बोरकुटात विरघळले. गुरुवारी पोट्टं माझ्यापुढे उभं राहिलं.

"बाबा, रविवारचा इसार देऊन टाका ना."

"इसार कायचा?"

"पन्नासचा सौदा तर पक्का हाय. वीस आज द्या, बाकी तोडीच्या टायमाले."

आबाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. नातवाची बाजू घेतील असं वाटलं, पण बागवान माणूस सौद्यात नातं आणत नाही. "दे," मला म्हणाले, "पण बावीस कापजो. पैसा आधी पायजे असन तं त्याचेबी पैसे लागतेत." रविवारी सोनूच्या हाती अठ्ठावीस आले. त्यातून बरणीचे वीस गेल्यावर आठ उरले. आठ रुपयांत आठवडा काढायचा म्हणजे काय, हे मी तासभर बोलून सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

एक छिद्र मात्र बुजवावं लागलं, ते म्हणजे आजी. आठ रुपयांत पोरगं सुकलं की तिच्या कनवटीतून गुपचूप दहाची नोट निघायची. मंगळवारीही खिसा खुळखुळतोय, तेव्हाच समजावं की घरात दुसरी बँक उघडली आहे. तहात असं ठरलं, की आजीने द्यायचं ते रविवारीच आणि सगळ्यांदेखत.

मग बॅटचा सौदा झाला. मित्राची जुनी बॅट, किंमत तीनशे. सोनूने बरणीतले पन्नास इसार म्हणून देऊन टाकले आणि मग बॅट नीट पाहिली. मूठ हलत होती. तो लगेच व्यापाऱ्याच्या आवाजात शिरला: "माल बारीक हाय, गळ लय हाय, दोनशेच्या वर जमत नाई." मित्रही बागवानाचाच पोरगा. "घ्याची नसन तं नको घेऊ, इसार बुडाला," असं म्हणून तो खेळायला गेला. पन्नास रुपये, म्हणजे बरणीतले अडीच रविवार, तिथेच राहिले. मी त्या मित्राच्या घरी गेलो नाही, सोनूची आई जा म्हणत होती तरी. आबाजींनी फक्त एवढं विचारलं, "बाग पाह्याच्या आंधी कोणी इसार देते काय रे?"

बरणी भरावी म्हणून मी व्याजही लावलं: महिनाअखेरीला शंभरामागे पाच. हे वर्षाला साठ टक्के झाले, सावकारही लाजेल. पण दहा वर्षांच्या मुलाला वर्षाचं व्याज दिसत नाही, महिन्याचं दिसतं. मर्यादा मात्र पहिल्याच दिवशी घालावी, आमच्याकडे ती दोनशेची आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन सोनू गल्लीभर फिरला आणि बोजाऱ्याचा गठ्ठा बरणीपुढे ठेवून माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा त्या मर्यादेनेच माझी अब्रू राखली.

दोनशेच्या वरचे पैसे पोस्टात. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथे स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं आणि स्वतःच्या सहीने चालवता येतं. सुरुवातीला पाचशे लागतात. बोजारा आणि बरणी मिळून तेवढे जमले. सही करताना सोनूने आडनाव रकान्याबाहेर नेलं.

व्याज वर्षाला चार टक्के, म्हणजे पाचशेवर वीस रुपये. ऐकून त्याचा चेहरा उतरला. "बाबा, तुमचं पोस्ट बरं हाय," म्हणाला. पण माझ्या पोस्टाची मर्यादा संपली होती.

तुम्ही लेकराला घेऊन जाणार असाल तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पैसे भरा. पोस्ट दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरून व्याज मोजतं. अकराव्या दिवशी भरलेल्या बोजाऱ्याला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीला शिल्लक पाचशेच्या खाली राहू देऊ नका, नाहीतर पन्नास रुपये कापले जातात.