तीन घरं आणि एक आत्या

आई नि मी मंचेरियलला, आत्या नदीपलीकडे सिरोंच्याला, वहिनी पुण्यात आणि भाचा तेलुगू माध्यमाच्या शाळेत. एवढ्या मंडळींसाठी मी रोज सकाळी शब्द ओळखायचं कोडं काढतो. घरं तीन, प्रयत्न सहा. बक्षीस काही नाही, तरी भांडणं शेताच्या बांधावरून व्हावीत तशी होतात.

पहिलं भांडण घरं मोजण्यावरून. संगणकाला ‘पुस्तक’मध्ये सहा खुणा दिसतात, आत्याला तीन अक्षरं. आत्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे संगणक हरला. मग उत्तर ‘पुस्तक’ असताना कुणी ‘पालक’ लिहिलं, तर ‘पा’ला काय द्यायचं? व्यंजन जागेवर आहे, मात्रा चुकली आहे. त्यासाठी जांभळा रंग काढला. हिरवा म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे शब्दात आहे पण जागा दुसरी, राखाडी म्हणजे नाहीच.

खरी मेख अक्षर दोनदा आलं की कळते. उत्तर ‘सडक’, अंदाज ‘कनक’. डावीकडून एकेक घर रंगवत गेलं, तर पहिला क पिवळा, शेवटचा हिरवा. वहिनी शब्दात दोन क शोधत बसणार! म्हणून आधी सगळे हिरवे लावायचे, तेवढी अक्षरं उत्तरातून वजा करायची आणि उरलेल्यांतूनच पिवळे वाटायचे. मग पहिला क गुमान राखाडी होतो.

शब्दांच्या याद्या दोन हव्यात, अंदाजांची मोठी नि उत्तरांची लहान. वर्डलच्या जॉश वॉर्डलनेही सुमारे १२ हजार शब्द जोडीदार पलक शाह यांच्याकडून चाळून घेतले, तेव्हा उत्तरांसाठी अडीच हजारांच्या आसपास उरले. आमच्याकडे चाळणी म्हणजे आई, वहिनी आणि भाचा. तिघांना माहीत असेल तोच शब्द उत्तर होतो. ‘बोंबील’ अंदाज म्हणून चालतो, उत्तर म्हणून नाही. भाच्याने तो पाहिलेलाच नाही. ‘घराला’, ‘घराचा’ अशी विभक्तीची पिलावळ बाहेर. ‘बसणे’, ‘धावणे’ही उत्तरात नाहीत, नाहीतर मंडळी शेवटच्या घरात डोळे मिटून ‘णे’ ठोकतील.

एवढं करूनही एक दिवस सोपा नि दुसरा जीवघेणा निघतो, आणि तो शब्दाच्या अवघडपणामुळे नव्हे. ‘घागर’ कुणाला माहीत नाही? पण पहिल्याच फटक्यात ‘मगर’ लिहून ग आणि र हिरवे झाले, तर पुढे नगर, तगर, आगर, सागर, जागर, गागर आणि घागर हे सात उमेदवार, अन् प्रयत्न उरले पाच. यात डोकं कुठे? ही सोडतच. म्हणून प्रत्येक उत्तराला एकाच घराच्या फरकाने किती शेजारी आहेत ते मी मोजतो. तिघांपेक्षा जास्त असले की शब्द रोजच्या यादीतून बाद.

‘गर’ने संपणारा आणखी एखादा तीन घरांचा शब्द आठवला तर जरूर कळवा. अजगर पाठवू नका, तो चार घरांचा आहे. आत्याने तो दोनदा पाठवून झालाय.