अठ्ठेचाळीस तासांत विद्वान

परवा ई-मेल आला, "परमआदरणीय संशोधक महोदय". हृदयरोगावरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाला माझा शोधनिबंध हवा होता. हृदयाबद्दल मी आजवर फक्त कॉलेजात लिहिलं, आणि ते साभार परत आलं होतं. इथे मात्र अठ्ठेचाळीस तासांत तज्ज्ञ-परीक्षण, वर प्रमाणपत्र. शुल्क पंधराशे.

शेजारचे प्राध्यापक म्हणाले, "अहो, आयएसएसएन आहे त्यांच्याकडे!" आहे ना. पण आयएसएसएन म्हणजे रिक्षाची नंबरप्लेट. तिच्यावरून रिक्षा ओळखता येते. मीटर पळवलाय का, ते कळत नाही.

मीटर तपासला तो पत्रकार जॉन बोहॅनन यांनी. 2013 मध्ये त्यांनी 'सायन्स'साठी खोटी नावं, खोट्या संस्था घालून कर्करोगावरच्या औषधाचा एक बनावट निबंध रचला आणि त्याची थोडी थोडी बदललेली रूपं 304 मुक्त-प्रवेश नियतकालिकांना धाडली. चूक लपवलेलीही नव्हती. औषध अल्कोहोलमध्ये विरघळवून पेशींना दिलेलं. तुलनेच्या पेशींना मात्र अल्कोहोलचा थेंबही नाही. मग पेशी औषधाने मेल्या की दारूने? हे विचारायला नोबेल लागत नाही. तरी 157 जणांनी निबंध स्वीकारला, 98 जणांनी नाकारला. भारतातल्या नियतकालिकांचा हिशेब तर 64 होकार, 15 नकार. होकार देणाऱ्यांत बड्या प्रकाशनसंस्थांची नियतकालिकंही होती. आपल्याकडे अतिथी देवो भव; निबंध दारात आला की चहा आधी, चौकशी नंतर.

"म्हणूनच मी फक्त नामांकित वाचतो," प्राध्यापक म्हणाले. "प्रीप्रिंट म्हणजे कच्चं पीठ!"

खरंय. जानेवारी 2020 अखेर अशाच कच्च्या पिठात करोना विषाणूत एचआयव्हीचे तुकडे सापडले होते. इतर शास्त्रज्ञांनी उघडपणे दाखवून दिलं, की एवढेसे तुकडे इतर कितीतरी विषाणूंतही सापडतात. दोन-तीन दिवसांत लेखकांनी निबंध मागे घेतला.

त्याच वर्षी 22 मे रोजी 'लॅन्सेट'मध्ये रीतसर परीक्षण झालेला निबंध आला: 96 हजार रुग्ण, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घातक. त्यात ऑस्ट्रेलियातले 21 एप्रिलपर्यंतचे जितके करोना-मृत्यू होते, तितके त्या तारखेपर्यंत ऑस्ट्रेलिया सरकारच्या नोंदीतही नव्हते. परीक्षकांनी निबंध वाचला होता. मूळ नोंदी त्यांनी पाहिल्या नव्हत्या. बाहेरच्यांनी मागितल्यावर माहिती पुरवणाऱ्या कंपनीने हात वर केले आणि 4 जूनला निबंध मागे गेला. म्हणजे कच्चं पीठ कच्चं म्हणून मिळालं होतं. ही पोळी भाजलेली म्हणून वाढली होती.

प्राध्यापक गप्प झाले. मी त्या हृदयवाल्यांना लिहिलं, "तुमचे परीक्षक लेखकाला कोणते प्रश्न विचारतात?"

दहा मिनिटांत उत्तर आलं. प्रश्न एकच होता: "यूपीआय की एनईएफटी?"