पहाटे साडेचारचं गिऱ्हाईक

पेणच्या एका गणपती कारखानदाराने परदेशी मंडळांशी पहिल्या बोलण्यासाठी कॅलेंडरची बुकिंग लिंक तयार केली. ‘उद्या जमेल?’, ‘नको, परवा’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा रवंथ संपला! फक्त उपलब्ध वेळ २४ तास मोकळी राहिली. न्यू जर्सीकरांनी संध्याकाळचे ७ निवडले. उन्हाळ्यात ते पेणला पहाटेचे साडेचार. लिंक दोन्हीकडची घड्याळं अचूक जुळवते, झोप विचारत नाही. मग त्याने रात्री ८ ते १० एवढीच वेळ ठेवली, १२ तासांची आगाऊ सूचना सक्तीची केली आणि दोन कॉलमध्ये १५ मिनिटं मोकळी सोडली. अमेरिका सुतासारखी सरळ झाली. तीच लिंक रोह्याच्या गिऱ्हाइकालाही पाठवली. त्याने मात्र ती मिळताच फोन लावला: “शेठ, लिंक आली हो. बोला आता!”