एक लॅपटॉप, दोन वारस

२०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या. पहिली ते आठवीला दिवसाला फार तर दोन ऑनलाइन तासिका, नववी ते बारावीला चार, आणि प्रत्येक तासिका ३० ते ४५ मिनिटांची. आमच्या घरात थोरली दहावीत, धाकटा सहावीत. म्हणजे दिवसाच्या सहा तासिका, जास्तीत जास्त साडेचार तास. एका लॅपटॉपला हे काहीच नाही, असं आमच्या ह्यांनी कागदावर सिद्ध करून दाखवलं आणि ते चहा प्यायला उठले.

कागदावर एकच गोष्ट नव्हती, घड्याळ. ताईचे तास नऊ, दहा, अकरा आणि बाराला. धाकट्याचे नेमके दहा आणि अकराला. म्हणजे भांडण साडेचार तासांचं नव्हतंच. ते आठवड्यातल्या फक्त दहा तासिकांचं होतं. त्या दहांमध्ये एकाला लॅपटॉप आणि दुसऱ्याला माझा मोबाइल, ज्याच्यावर फळ्यावरचा त्रिकोण मुंगीएवढा दिसतो आणि मध्येच भाजीवाल्याचा फोन येतो.

आधी ह्यांनी न्यायनिवाडा केला: प्रत्येक तासिका अर्धी-अर्धी. ऐकायला रामराज्य. पण तासिकेच्या मध्यावर एकाने बाहेर पडायचं, दुसऱ्याने खातं बदलायचं, मग बाईंनी आत घेईपर्यंत दाराशी ताटकळायचं. यात दोघांचीही पाचेक मिनिटं जात. वर खात्याचा गोंधळ. लॅपटॉपवर ताईचं खातं आधीपासून उघडं असल्यामुळे धाकटा घाईत त्याच खात्यातून आपल्या वर्गात शिरायचा. एकदा सहावीच्या बाईंनी पडद्यावर ताईचं नाव बघून अत्यंत अदबीने विचारलं, "पालक आहात का? जरा कॅमेरा सुरू करता?" कॅमेऱ्यात दाढीला साबणाचा फेस लावलेला धाकटा होता. त्या दिवशी ब्राउझरमध्ये दोघांची दोन वेगळी प्रोफाइलं केली, एक निळं आणि एक हिरवं.

मग दिवसाआड. सोमवार ताईचा, मंगळवार त्याचा. पण सोमवारी ताईला दहालाही भाषा, अकरालाही भाषा. त्या काय, कानाने ऐकल्या तरी चालतात. भूमिती मात्र मंगळवारी! "मोजून सारखं दिलंय ना?" हे म्हणाले. मोजून सारखंच होतं. त्यामुळे रडायला दोघांनाही तोंड नव्हतं, तरी दोघंही रडत होती.

शेवटी माझ्या सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "एकानं वाटावं, दुसऱ्यानं उचलावं. वडीचा नियम आहे." आमच्याकडे शेवटची वडी अशीच कापतात. कापणाऱ्याला लहान तुकडा पदरात येण्याची भीती असते, म्हणून त्याचा हात आपोआप मध्यावर जातो.

ताईने दहा चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर वार, वेळ, तिचा विषय आणि त्याचा विषय. पाच-पाचचे दोन ढीग लावले. मी वाकून पाहिलं. पहिल्या ढिगात धाकट्याची चित्रकला, कार्यानुभव आणि त्याच्या लाडक्या सरांचा इतिहास. त्याच वेळांना तिच्या भाषा. दुसऱ्यात तिची भूमिती आणि विज्ञान. त्याच वेळांना धाकट्याचं व्याकरण आणि अपूर्णांक. हे वडी कापणं नव्हे, उघड सापळा होता.

"आणि त्याने दुसरा ढीग उचलला तर?" मी कानात विचारलं.

"नाही उचलणार. मी त्याला अकरा वर्षं ओळखते."

धाकटा दोन्ही ढिगांभोवती फिरला. ताईच्या चेहऱ्याकडे बघितलं. नुसता तिला त्रास द्यायला म्हणून हात दुसऱ्या ढिगाकडे गेलाही. ताईने श्वास रोखला. मग त्याला चित्रकलेची चिठ्ठी दिसली. चित्र सरांना कॅमेऱ्यातून दाखवायचं असतं आणि मोबाइल एका हातात धरून ते जमत नाही. त्याने पहिला ढीग छातीशी धरला. "ताई फसली!" असं ओरडत गॅलरीपर्यंत पळाला. ताईनेही फसल्यासारखा चेहरा केला. तो अभिनय शाळेच्या स्नेहसंमेलनात कधी दिसला नव्हता.

पुढे एक कलम जोडावं लागलं, कारण लिंक कधीकधी दहाला पाच कमी असताना येई आणि तासिका अचानक बदले. चाचणी असेल त्याला लॅपटॉप, पण आदल्या रात्री आठच्या आत सांगितलं असेल तरच. एका सकाळी नऊ पन्नासला धाकट्याला अचानक "चाचणी" आठवली. ताईने नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं.

हे सगळं लिहिलेला कागद फ्रिजवर लागला. मग ह्यांना ऑफिसचं काम आठवलं आणि हे सकाळी साडेदहाला लॅपटॉप मागायला गेले. त्या दिवशी प्रथमच दोघं भावंडं एका बाजूला उभी राहिली. ह्यांना दुपारी एकनंतरची वेळ मिळाली, तीही चार्जर परत जागेवर ठेवण्याच्या अटीवर.