बाबांचं मोफत तिकीट

वहीची कल्पना बायकोची. तिला पुस्तकांचा राग नाही, पुस्तकांच्या पार्सलांचा आहे. एका रविवारी तिसरं पार्सल आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, किराण्याची वही आहे, दुधाची आहे, मग याची का नाही?" मी लगेच शंभर पानी वही आणली. हिशेब लिहिला की खर्च योग्य वाटू लागतो, असा माझा अनुभव आहे. या वहीनं मात्र दगा दिला.

मी महिन्याला सहा पुस्तकं वाचतो, म्हणजे वर्षाला बहात्तर. म्हणून दर वर्षी ७२ नावांची यादी करायची, ती एकाच मार्गानं मिळवायची आणि वर्षअखेर बेरीज मांडायची असं ठरलं. पहिलं वर्ष छापील पुस्तकांचं, दुसरं ई-पुस्तकांचं, तिसरं वाचनालयाचं. राहायला भातकुली. तालुक्याचं गाव असलं तरी इथे खताची पोती जितक्या सहज मिळतात तितक्या सहज कादंबऱ्या मिळत नाहीत. पुस्तकाचं धड दुकान गाठायचं तर अमरावतीला जावं लागतं. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी बहिणीला परत आणू शकला नाही, म्हणून कुंडिनपुराला न परतता त्यानं भोजकट वसवलं, आणि ते भोजकट म्हणजेच आमचं भातकुली, असं इथे मानतात. रिकाम्या हातानं परतायची लाज वाटणाऱ्या माणसाचं गाव हे. मी अमरावतीहून कित्येकदा रिकाम्या हातानं परतलो आहे, पण दुसरं गाव वसवायची ऐपत नाही.

पहिलं वर्ष थाटात गेलं. छापील किमतीची सरासरी तीनशे रुपये, त्यावर पंधरा टक्के सूट, म्हणजे पुस्तक २५५ला पडलं. बहात्तर पुस्तकांचे १८,३६० झाले. ती छत्तीस पार्सलांतून आली आणि दर पार्सलाला ६० रुपये पाठवणी लागली, त्याचे २,१६०. एकूण २०,५२०. यादीतली सगळी मिळाली असंही नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची असते. ती संपली आणि प्रकाशकानं पुढची काढली नाही, की पैसे खिशात असूनही पुस्तक मिळत नाही. चौदा नावांपुढे 'आवृत्ती संपली' असं लिहावं लागलं आणि त्या जागी हाताला लागलं ते घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर अब्रू राहिली असती. पण वहीत बायकोनं स्वतःच्या हातानं एक रकाना वाढवला होता: 'वाचलं का?' त्यात एक्केचाळीस टिका निघाल्या. एकतीस पुस्तकं मी विकत घेतली, कपाटात लावली, त्यांच्याकडे समाधानानं पाहिलं आणि रोज दुसरंच काही वाचत बसलो. विकतच्या पुस्तकाची हीच खोड आहे: ते कुठे पळून जात नाही, म्हणून त्याला हात लावायची घाई नसते. वीस हजार पाचशेला बहात्तरनं भागलं तर पुस्तक २८५ रुपयांना पडतं. एक्केचाळीसनं भागलं तर पाचशेला. बायकोनं एक्केचाळीसनंच भागलं.

'मग विकून टाका' असा सल्ला मिळाला. सगळी पुस्तकं मिळून साडेएकवीस किलोच्या आसपास भरली. रद्दीवाल्यानं बारा रुपये किलो सांगितले, म्हणजे दोनशे साठ रुपये. त्यापेक्षा चांगला भाव वाळवीनं दिला असता, पण ती रोखीनं देत नाही.

दुसऱ्या वर्षी बारा हजारांचं ई-वाचक यंत्र घेतलं. ते सहा वर्षं टिकेल असं धरून वर्षाचे २,००० मांडले. हे धरणं माझं होतं, यंत्राचं त्याविषयी काय मत आहे ते अजून कळलेलं नाही. दरमहा १६९ रुपयांच्या वर्गणीचे २,०२८ झाले. वर्गणीत नसलेली बावीस पुस्तकं सरासरी दीडशेनं विकत घेतली, त्यांचे ३,३००. सगळे मिळून ७,३२८. छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि ई-पुस्तकावर आहे, हे मला बिल पाहून कळलं. ज्याला कागद लागत नाही, शाई लागत नाही, पोस्ट लागत नाही, त्यालाच कर लागतो.

यंत्राची बदनामी करायची नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. अशा वेळी त्याच्या कागदासारख्या पडद्यावर अंगणातल्या निंबाखाली मजेत वाचता येतं, आणि एकदा चार्ज केलं की दोन-तीन आठवडे चिंता नसते. इंग्रजी पुस्तक हवं असेल तर गोठ्यात उभं राहूनही दोन मिनिटांत मिळतं. अडचण मराठीची आहे. माझ्या बहात्तरांच्या यादीतली एकतीसच मिळाली, बावीस विकत आणि नऊ वर्गणीत.

असं का, हे मला अक्षरजुळणीच्या धंद्यातल्या एका मित्रानं समजावलं. आपली कितीतरी मराठी पुस्तकं युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. कागदावर ती सुंदर दिसतात, पण आत संगणकाला मराठी अक्षरं ठाऊकच नसतात. तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. त्यांचं ई-पुस्तक करायचं तर आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागतो. त्यात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे-पुढे होते आणि जोडाक्षरांची काडीमोड होते. मग तीनशे पानं पुन्हा मुद्रितशोधकाकडून वाचून घ्यायची. त्याचा खर्च चार-पाचशे प्रती विकल्याशिवाय निघत नसेल, तर प्रकाशक कशाला त्या भानगडीत पडेल? काही जण पडतात आणि वाचणं अर्धवट सोडतात. अशा एका पुस्तकात नायक 'गर्व' करायच्या जागी 'गवर्' करत होता आणि मला दोन प्रकरणं तो आजारी आहे असं वाटत होतं.

फुकटचा भाग मात्र मोठा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापता येतात आणि जालावर मोफत मिळतात. हरि नारायण आपटे तर १९१९ सालीच गेले. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे त्यांच्यासाठी २०६१ उजाडावं लागेल. तेव्हा मी फुकट वाचायला असेन असं वाटत नाही. ही जुनी पुस्तकं बहुधा पानं स्कॅन करून ठेवलेली असतात आणि सहा इंची पडद्यावर अख्खं पान म्हणजे मुंग्यांची वारी. तरीही त्यांच्याच जोरावर त्या वर्षी चौसष्ट पुस्तकं झाली. दर पुस्तकाला ११५ रुपये. बायको खूश. मी मात्र २००९ची गोष्ट वाचून सावध झालो होतो. अॅमेझॉननं त्या वर्षी ग्राहकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत केले, पण काढलेलं पुस्तक ऑर्वेलचं '१९८४' होतं.

तिसऱ्या वर्षाची तयारी करताना मी वहीत लिहिलं: गावातलं वाचनालय, दरमहा २० रुपये. अमरावतीचं, दरमहा ५० आणि परत मिळणारी अनामत. वर्षाचे ८४०. मग एसटी. जाऊन-येऊन ६२ रुपये, महिन्यातून दोन खेपा, वर्षाचे १,४८८. वर्गणीपेक्षा भाडं जास्त! बायको शेजारून म्हणाली, "मी जाते, मला अर्धं तिकीट आहे." २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे, म्हणजे ७४४ वाचत होते. तेवढ्यात ओट्यावरून बाबांचा आवाज आला, "अन् मले त लागतच नाई. जातो ना मी."

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. वाहतूक खर्च शून्य! मी आनंदानं लिहिलं. मग बाबा म्हणाले, "पण तिकडे गेलो का गिला वडा खाईन मी. रिकाम्या पोटी पुस्तक काढणं नाई होत." गिला वडा आणि चहा, चाळीस रुपये खेप. चोवीस खेपांचे ९६०. तरीही एकूण १,८०० झाले. मी स्वतः गेलो असतो तरी वडा खाल्लाच असता, म्हणून तो खर्च मी मनानं दोनदा वाचवला.

वाचनालयात पुस्तकं पुष्कळ असतात, पण ती कपाटात असतात की लोकांच्या घरी, हा खरा प्रश्न. यादीतली अडतीस नावं नोंदवहीत सापडली, त्यातली सत्तावीस प्रत्यक्ष हाती आली. बाकीच्यांचं उत्तर 'बाहेर गेलंय'. गाजलेल्या नव्या पुस्तकाची प्रत एकच. ते पंधरा दिवस ठेवायचं. माझ्यापुढे सहा जण, म्हणजे नव्वद दिवस, आणि तेही सहाही जण वेळेत परत करणारे निघाले तर. आमच्याकडे तसं होत नाही. चौथा वाचक पुस्तक पुण्याला मुलाकडे घेऊन गेला होता.

यादीतलं मिळालं नाही की बाबा हात हलवत परतायचे नाहीत. सभासदाला दोन पुस्तकं मिळतात, मग दोन आणायचीच. दोन्ही वाचनालयांतून मिळून वर्षभरात बहात्तर आली, त्यातली पंचेचाळीस बाबांच्या पसंतीची. बाबुराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा आल्या, कपाशीवरच्या किडींचं पुस्तक आलं, दोन संतचरित्रं आली, आणि एकदा आहारशास्त्र, ज्यात वड्याला मनाई होती ते पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं. मी कुरकुरलो तर म्हणाले, "तू मांगतलं ते नोतं ना बापा. मंग हे तिथं बसून बसून उबगलं होतं, म्हून याले आणलं." ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हा दुसरा आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हा तिसरा. मी दुसऱ्या नियमावर अडून बसलो होतो आणि बाबा तिसरा अमलात आणत होते.

आणि मी ती वाचली. पंधराव्या दिवशी परत द्यायची असतात, आणि चौदाव्या दिवशीच बाबा विचारायचे, "झालं का? मले जाचं आहे." त्यांना वडा गाठायचा असायचा. बहात्तरांपैकी सत्तर झाली. दोन रहस्यकथांची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती, ती वाचली असं म्हणवत नाही. खुनी कोण ते बाबांना विचारलं, त्यांनी छप्पन साली वाचलेलं आठवून सांगितलं. पुस्तक पंचवीस-सव्वीस रुपयांना पडलं.

मार्चमध्ये बेरजा मांडत होतो. ऊन तापलेलं, दुपारची गाडी नुकतीच गेली होती. बाबा पिशवी घेऊन आले, माठातलं पाणी प्यायले आणि विजयी चेहऱ्यानं एक जाड कादंबरी माझ्यासमोर ठेवली. यादीतलं सतरावं नाव. नऊ महिने 'बाहेर' असलेलं पुस्तक शेवटी त्यांनी मिळवलं होतं.

बायकोनं ते उचललं, उलटं-पालटं केलं आणि काही न बोलता कपाटाकडे गेली. खालच्या फळीवरून तिनं तेच पुस्तक काढलं. पहिल्या वर्षीचं, पार्सलातून आलेलं, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेलं.

बाबांनी दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली.

"घरीच होतं?" ते म्हणाले. "मंग मले एवढ्या उन्हात काहून पाठोलं रे?"

मी वहीत मान घातली. ते थोडा वेळ उभे राहिले. मग घरच्या प्रतीचं प्लॅस्टिक दातानं फाडत ओट्यावर गेले आणि जाताना म्हणाले, "हे मी वाचतो आता. वाचनालयाचं तू घे. त्याले तारीख आहे."