शिल्लक शून्य

आमच्या आळीच्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब दरवर्षी कोजागिरीच्या रात्री मसाला दुधाच्या वाटपाआधी वाचला जातो. ही वेळ पूर्वजांनी फार विचार करून ठरवली असावी. दूध आटत असतं, पोरं पातेल्याभोवती घिरट्या घालत असतात, आणि अशा वेळी ज्याला शंका विचारायची असेल त्याच्याकडे सगळी आळी शत्रू म्हणून बघते. खजिनदार उभे राहतात आणि एका दमात वाचतात : एकूण जमा 1,84,000, एकूण खर्च 1,84,000, शिल्लक शून्य. टाळ्या. दूध.

गेली कित्येक वर्षं शिल्लक शून्यच. जमा कधी वाढली, कधी घटली. खर्च मात्र तिच्या पावलावर पाऊल टाकून रुपया न् रुपया जुळला. मोठमोठ्या कंपन्यांना जे जमत नाही ते आमचे खजिनदार खिशातल्या एका डायरीवर करत आले. बाप्पाचीच कृपा, असं आम्ही समजत होतो.

गेल्या वर्षी दुधाला उकळी यायच्या आत कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार उठले. पावती पुस्तक त्यांच्या हाती लागलं होतं. "भाऊ, मी 5,001 दिले. इथं 2,001 लिहिलेत. माझे तीन हजार कुठं गेले?"

खजिनदारांचा चेहरा पडला. माणूस सरळ आहे. उत्सवाचे दहा दिवस स्वतःच्या घरी जेवायला जात नाही, विसर्जनाला अनवाणी चालतो. पण सरळ माणसाची अडचण अशी की आपल्यावर कोणी संशय घेईल ही शक्यताच तो धरत नाही, आणि म्हणून कागद ठेवत नाही. लबाड माणसाचे कागद नेहमी तयार असतात.

पुढच्या पाच मिनिटांत सभेत एवढे आरोप झाले की दूध करपलं. खजिनदारांची नवी दुचाकी, त्यांच्या मुलीचा क्लास, घरातला नवा फ्रीज असं सगळं वर्गणीच्या खाती जमा झालं. सर्वांत मोठा आवाज अध्यक्षांचा. "पारदर्शकता पाहिजे! पै न् पैचा हिशेब पाहिजे!" हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या काकूंकडे सगळी कागदपत्रं सोपवायचं ठरलं. कागदपत्रं म्हणजे एक डायरी, एक प्लास्टिकची पिशवी आणि दोन पावती पुस्तकं. काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, "छापली किती होती?" तीन, प्रत्येकी शंभर पावत्यांची. तिसरं पुस्तक ढोल पथकातल्या एका पोराच्या स्कूटरच्या डिकीत, रेनकोटाखाली सापडलं.

काकूंनी बेरीज केलीच नाही, याचं आळीला फार आश्चर्य वाटलं. त्या आधी नुसते क्रमांक तपासत बसल्या. तीनशे पावत्या छापल्या असतील तर फाडलेल्या, रद्द केलेल्या आणि कोऱ्या मिळून तीनशेच भरल्या पाहिजेत. रद्द पावतीही स्थळप्रतीसकट पुस्तकातच राहिली पाहिजे. आकडा खोटा लिहिता येतो, पण छापलेला क्रमांक नाहीसा झाला की तिथं भोक दिसतं. भोक दुसऱ्या पुस्तकात दिसलं : ओळीने तेरा पावत्या स्थळप्रतींसकट गायब. काकूंनी मंडळाच्या फळ्यावर ते तेरा क्रमांक लिहिले आणि ज्यांच्याकडे त्या पावत्या असतील त्यांनी दाखवाव्यात अशी विनंती केली. अकरा घरांनी आणून दाखवल्या, एकूण 9,350 रुपयांच्या. दोन कधीच मिळाल्या नाहीत, आणि काकूंनी तसंच लिहून ठेवलं.

हे पैसे ज्या पोराने गोळा केले तो कबूल झाला. विसर्जनाच्या दिवशी पथकाचा टेम्पोवाला पैशांसाठी अडून बसला, तेव्हा पोराने हातातल्या वर्गणीतून 8,500 परस्पर देऊन टाकले. वर्गणीची नोंद नाही, खर्चाची नोंद नाही, टेम्पो मात्र वेळेत घाटावर. टेम्पोवाल्याने रक्कम मान्य केली आणि सही दिली. उरलेले साडेआठशे पोराला आठवेनात.

दुकानदारांचं कोडं त्याहून सोपं निघालं. त्यांनी 2,001 रोख दिले होते, आणि महाप्रसादाचा रवा, साखर, तूप असा तीन हजारांचा माल पाठवून "वर्गणीत धरा" असं सांगितलं होतं. खजिनदारांनी ते मनात धरलं. पैसे आले नाहीत आणि गेले नाहीत, मग लिहायचं काय, हा त्यांचा सवाल. काकूंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "दोन्हीकडं लिहायचं. जमेला तीन हजार, महाप्रसादाच्या खर्चाला तीन हजार. शिल्लक तीच राहते, पण देणाऱ्याला आपलं नाव दिसतं आणि आळीला प्रसाद खरा केवढ्याला पडला ते कळतं." खजिनदार बराच वेळ गप्प बसले. आलेल्यातून गेलेलं वजा करून उरलेलं तेवढं लिहायचं, यालाच ते इतकी वर्षं हिशेब समजत आले होते.

सर्वांत करुण प्रकरण ऑनलाइन वर्गणीचं होतं. मंडपाच्या खांबाला चिकटवलेला क्यूआर कोड खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा. त्याच खात्यात त्यांचा पगार, सासऱ्यांनी परत केलेले उसने पैसे आणि वीजबिल. त्यांनी डायरीत ढोबळ 39,000 लिहिले होते. खात्याच्या उताऱ्यावरून काकूंनी एकेक नाव ओळखून काढलं, तर रक्कम निघाली 41,615. म्हणजे वर 2,615 रुपये. चोर सापडला म्हणून अध्यक्षांनी हात चोळायला सुरुवात केली, तोच पिशवीच्या तळाशी फुलवाल्याची आणि इलेक्ट्रिशियनची अशी 3,442 रुपयांची बिलं निघाली. ती खजिनदारांनी पदरचे समजून भरली होती आणि डायरीत लिहायला संकोच वाटला म्हणून लिहिली नव्हती.

सगळं मांडल्यावर जमा झाली 1,98,965 आणि खर्च 1,98,942. म्हणजे हातात 23 रुपये असायला हवे होते, आणि होतं शून्य. खजिनदारांनी लगेच पाकीट काढलं. "काकू, एवढे मी घालतो, मिटवा."

"खबरदार," काकू म्हणाल्या. "दरवर्षी शिल्लक शून्य कशी येत होती ते आत्ता कळलं. कमी पडलं की तुम्ही घालत होता, आणि जास्त झालं की जिलेबी आणत होता. तूट आली तर तूट लिहायची."

तर 23 रुपये तूट अशी नोंद झाली. 1893च्या सुमारास उत्सव घरातून रस्त्यावर आला. आमच्या मंडळाचा हिशेब घराबाहेर पडायला एवढा काळ लागला.

पुढच्या वर्षी खजिनदार बदलावेत अशी सूचना आली, पण दुसरं कोणी तयार होईना. तेच राहिले, काकूंच्या देखरेखीखाली. आमचं मंडळ नोंदणीकृत नाही, तेव्हा वर्गणी मागायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम 41 क ची परवानगी काढावी लागते. अध्यक्षांचा आजवर असा समज होता की ही परवानगी लाउडस्पीकरची असते. मंडळाच्या नावाने खातं उघडलं, दोघांच्या सह्यांचं, आणि खांबावर त्या खात्याचा कोड लागला. पावती पुस्तक नेणाऱ्या पोरांनी वहीत सही करून न्यायचं आणि रात्री पैशांसकट परत द्यायचं. आलेली रोकड जशीच्या तशी बँकेत. तिच्यातून नारळसुद्धा घ्यायचा नाही. दानपेटी तिघांसमोर उघडायची आणि मोजून तिघांनी सह्या करायच्या. किरकोळ खर्चासाठी बँकेतून पाच हजार काढून एका डब्यात ठेवले. डब्यातली रोकड आणि डब्यातल्या खर्चाच्या पावत्या यांची बेरीज कधीही केली तरी पाच हजारच यायला हवी, आणि जेवढ्याच्या पावत्या तेवढेच पैसे पुन्हा डब्यात. खजिनदारांना हा डबा इतका आवडला की ते आरतीनंतर रोज तो उघडून बेरीज करत आणि प्रसन्न होत.

यातून सगळं पकडलं जातं असा कोणी समज करून घेऊ नये. ज्या वर्गणीची पावतीच फाडली नाही ती कुठल्याही वहीत दिसत नाही. त्यासाठी काकूंनी घरांची यादी केली आणि नावापुढे पावती क्रमांक लिहीत गेल्या. ज्यांच्यापुढे रकाना रिकामा त्यांच्याकडे स्वतः जाऊन "अजून दिली नाही ना?" एवढंच विचारलं. "दिली की!" असं उत्तर आलं की पुढची चौकशी पोरांकडे.

खरी खळबळ मात्र फळ्याने उडवली. आजवर फळ्यावर देणगीदार आणि रक्कम एवढंच असे, आणि ती रक्कम स्थापनेच्या दिवशी मंचावर माइकवरून बोललेली असे. काकूंनी दोन रकाने आखले : बोललेली आणि आलेली. तिसऱ्या दिवशी सगळ्या आळीने वाचलं की रिक्षा चालवणारे काका 501 बोलले आणि त्यांनी 501 दिले, एका आजींनी काही न बोलता 1,100 दिले, आणि अध्यक्ष बोलले 21,000, आलेल्याच्या रकान्यात आडवी रेघ.

अध्यक्षांनी काकूंना बाजूला घेतलं. एवढी पारदर्शकता बरी नव्हे, उत्सवाचं पावित्र्य कमी होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. काकूंनी खडू त्यांच्या हातात दिला आणि खोडायचं असेल तर स्वतः खोडा असं सांगितलं. फळ्यासमोर गर्दी होती. त्याच रात्री पावणेबाराला मंडळाच्या खात्यात 21,000 आले.

या कोजागिरीला खजिनदार पुन्हा उभे राहिले. प्रत्येक घरी आधीच छापील जमाखर्च गेला होता. शिल्लक 14,210, बँकेच्या उताऱ्याशी जुळणारी. सभा दोन तास चालली. त्यातला दीड तास गेल्या वर्षीच्या 23 रुपयांवर गेला. ते नेमके कोणत्या दिवशी कमी पडले, याला जबाबदार कोण, ते निर्लेखित करायचा अधिकार सभेला आहे का, यावर सात जण बोलले. दुकानदार दोनदा बोलले. खजिनदारांनी शांतपणे सगळी उत्तरं दिली, कागद दाखवून.

मंडपाचं 62,000चं बिल अर्ध्या मिनिटात मंजूर झालं. पावती आहे, सही आहे, चेकने दिलंय. कोणी काही विचारलं नाही. मंडपवाला अध्यक्षांचा मेहुणा आहे हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. काकूंनी तेवढ्यात इतिवृत्तात एक ओळ घालून घेतली : पुढील वर्षी मंडपासाठी तीन दरपत्रकं मागवावीत. ठराव एकमताने संमत झाला, आणि ती दरपत्रकं मागवायची जबाबदारी अध्यक्षांनी मोठ्या मनाने स्वतःकडे घेतली.